रोमी कोंकणी पुस्तकाच्या मलपृष्ठाचा मराठी अर्थ हवा आहे (घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी)

वेळागरची_सून

नमस्कार. माझा भाचा मडगावला नोकरीला आहे. तेथील एका पुस्तकांच्या दुकानात त्याला रोमी लिपीतील एक कोंकणी पुस्तक दिसले. मुखपृष्ठावर होडी आणि किनारा आहे, म्हणून त्याने मलपृष्ठाचे दोन फोटो काढून मला पाठवले. ते खाली जोडले आहेत. माझ्या सासरी शिरोड्याला दोन पिढ्या रापण होती. त्या कामातील शब्द, माणसांची वाटणी आणि मासळीचे वाटे यांविषयी सासूबाईंकडून ऐकलेले मी लिहून ठेवत आहे, म्हणून रापणीवरचे कोणतेही पुस्तक मला हवेच असते. फोटोतील शेवटच्या परिच्छेदात रांपणकार हा शब्द मला ओळखता आला, त्याच्या पुढे ट्रॉलर हा शब्दही दिसतो. म्हणजे पुस्तक रापणीचे आणि ट्रॉलरविरोधी आंदोलनाचे असावे, असा माझा समज झाला आहे.

पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आहे. भाचा शनिवारी गावी येणार आहे, तोवर प्रत बाजूला ठेवायला दुकानदार तयार आहेत. कृपया मजकुराचा अर्थ सांगावा. पुस्तकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण न वाचताच त्याच्याविषयी बरेवाईट मत पसरू नये असे मला वाटते.

दाभोळखाडी

ताई, रोमी कोंकणी म्हणजे लिपी इंग्रजी, भाषा मात्र आपल्या मालवणीची सख्खी बहीण. मोठ्याने वाचत गेलात तर अर्ध्याहून अधिक तुम्हालाच समजेल. मी वाचून पाहिले. पहिल्या परिच्छेदात चवदा कथा आहेत असे म्हटले आहे, आणि त्या तारवटींच्या, म्हणजे तारवावर जाणाऱ्या मच्छीमारांच्या आहेत. शेवटच्या परिच्छेदात रापण आणि ट्रॉलरविरोधी चळवळ आहे. मधला परिच्छेद पुस्तकाची स्तुती करणारा आहे. तुमचा अंदाज बरोबर दिसतो, पुस्तक घ्यायला हरकत नाही.

सावंतवाडी_नोंदी

भाषांतर करण्यापूर्वी लेखकाची आणि प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. मराठी आवृत्ती काढायची असल्यास करारात मानधन, आवृत्त्यांची संख्या आणि मुदत स्पष्ट असावी.

वेळागरची_सून

दादा, आवृत्ती काढायची नाही. मलपृष्ठावर काय लिहिले आहे ते समजून पुस्तक विकत घ्यायचे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

सावंतवाडी_नोंदी

मग माझा मुद्दा लागू होत नाही. खाजगी उपयोगासाठी अर्थ समजून घेण्यास त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये वाव आहे.

मांडवीतीर

मी काही वर्षे म्हापशाला एका छापखान्यात मराठी आणि कोंकणी, दोन्ही भाषांची मुद्रिते तपासत असे, त्यामुळे या लिपीची सवय आहे. दाभोळखाडी यांनी अर्थ लावण्याचा प्रयत्न केला, पण पुस्तक घ्यायचे की नाही हे ज्या दोन ठिकाणांवर अवलंबून आहे, तेथेच तो अर्थ घसरला आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मजकूर देवनागरीत उतरवतो. तसे केल्याशिवाय अर्थाकडे जाऊ नये, कारण रोमी लिपीत मराठी डोळ्याला फसवणाऱ्या काही गोष्टी आहेत. मराठीत ज्याला आपण ऱ्हस्व अ म्हणतो, तेथे बहुतेक वेळा ओ हे अक्षर लिहितात, म्हणून छापलेला शब्द आपण घोर असा वाचतो आणि तो असतो घर. एक्स हे अक्षर श साठी येते. एन जोडून लिहिले की ण होतो, टी जोडून लिहिला की ट आणि एल जोडून लिहिले की ळ. पण दोन एलच्या मध्ये वर एक बारीक चिन्ह असेल, तर तो ळ नसतो, ल्ल असतो. शब्दाच्या आरंभी मात्र जोडाक्षर न लिहिण्याची पद्धत असल्याने द की ड, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. शब्दाच्या शेवटी येणारा एम बहुधा नुसता अनुनासिक असतो, त्याचा म असा उच्चार करायचा नसतो.

पहिला परिच्छेद असा आहे: ‘ह्या पुस्तकांत चवदा मोटव्यो कथा आसात. तांतल्यो कांय पयलीं सातोळ्यांनी छापून आयिल्ल्यो. तारवटी आनी तांची वाट पळोवपी घरचीं मनशां हांचें जिवीत तातूंत दिसता. निमाण्यो तीन...’ आणि येथून पुढच्या दीड ओळीवर दुकानाच्या किमतीचे लेबल चिकटवलेले आहे.

याचा अर्थ असा: ‘या पुस्तकात चौदा लघुकथा आहेत. त्यांतील काही पूर्वी साप्ताहिकांतून प्रसिद्ध झाल्या होत्या. तारवटी आणि त्यांची वाट पाहणारी घरची माणसे यांचे जीवन त्यांत दिसते. शेवटच्या तीन...’

येथे तारवटी म्हणजे मच्छीमार नव्हे. गोव्यात तारवटी म्हणजे आगबोटीवर नोकरी करणारा खलाशी, स्वयंपाकी किंवा वाढपी. तो मुंबईला जाऊन बोटीवर चढे आणि कित्येक महिन्यांनी घरी परत येई. त्याच्या गोष्टीत समुद्र असतो, पण जाळे क्वचितच असते. मुखपृष्ठावरची होडी पाहून हा शब्द मासेमारीकडे ओढला गेला असावा.

दुसऱ्या परिच्छेदाच्या खाली बारीक तिरप्या अक्षरांत ‘प्रस्तावनेंतल्यान’ असे लिहिले आहे. म्हणजे तो प्रस्तावना लिहिणाऱ्याच्या लेखनातून घेतलेला उतारा आहे. रोमी कोंकणीत खलाशांच्या घरांविषयी असे लेखन फार झालेले नाही आणि भाषा साश्टीच्या बोलीला धरून आहे, असे त्यात म्हटले आहे. स्तुती वगळली, तर या परिच्छेदातील आपल्या कामाची माहिती एवढीच, की भाषा साश्टीची आहे. ती तुम्हाला बार्देस किंवा पेडण्याच्या कोंकणीपेक्षा अधिक परकी वाटेल.

तिसरा परिच्छेद पाहा: ‘बरोवपी रांपणकारांच्या कुटुंबांत जल्माक आयलो. ट्रॉलरां आड जाल्ल्या चळवळींत ताणें वांटो घेतलो. उपरांत तीस वर्सां तारवार काम केलें.’ म्हणजे ‘लेखक रापणकारांच्या कुटुंबात जन्मला. ट्रॉलरविरोधी चळवळीत त्याने भाग घेतला. नंतर तीस वर्षे त्याने बोटीवर काम केले.’ हा परिच्छेद लेखकाचा परिचय आहे, पुस्तकाचे वर्णन नाही. ताईंनी ओळखलेले रांपणकार आणि ट्रॉलर हे दोन्ही शब्द खरेच तेथे आहेत, पण ते माणसाविषयी आहेत. फोटोत लेखकाचे छोटे छायाचित्र कडेला कापले गेले आहे, ते पूर्ण दिसले असते तर हे लगेच लक्षात आले असते.

तेव्हा आत्ता एवढेच म्हणता येते, की हा कथासंग्रह आहे, त्याचा मुख्य विषय बोटीवरची माणसे आहेत, आणि लेखकाला रापण घरातून ठाऊक आहे. रापणीविषयी आत काही आहे की नाही, हे लेबलाखाली दडलेल्या दीड ओळीवर ठरेल.

दाभोळखाडी

तारवटी शब्दाचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता. आमच्याकडे तारू म्हटले की शिडाचे जहाज डोळ्यांपुढे येते आणि ते चालवणारे बहुतेक कोळी किंवा खारवी असतात, म्हणून मी तसे लिहिले. मात्र ज्याच्या घरी रापण होती, त्या माणसाने कथा लिहिल्यावर त्यांत रापण येणार नाही, हे मला पटत नाही.

मांडवीतीर

येईलही. पण तो तुमचा तर्क आहे आणि मलपृष्ठावर तो छापलेला नाही. तीनशे रुपये देणाऱ्या माणसासमोर छापलेला मजकूर आणि आपला तर्क वेगवेगळे ठेवलेले बरे.

ताई, भाच्याला पुन्हा दुकानात जाणे जमत असेल, तर त्याला असे सांगा. लेबल ओढून काढू नये, लॅमिनेशनबरोबर शाईही निघते. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत असेल तर तिच्यावरचे लेबल बहुधा थोडे वेगळ्या जागी असते, तिचा फोटो घ्यावा. मलपृष्ठ गुळगुळीत असल्याने दिव्याचा पांढरा पट्टा उमटतो आणि मी वर सांगितलेली बारीक चिन्हे पहिल्यांदा त्यातच नाहीशी होतात. म्हणून पुस्तक कपाटाला टेकवून उभे करावे, दिवा एका बाजूला राहील असे पाहावे, आणि समोरून एकेका परिच्छेदाचा वेगळा फोटो काढावा. व्हॉट्सॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आकुंचित होतो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. याशिवाय अनुक्रमणिका, प्रकाशनाची माहिती असलेले आतले पान आणि पहिल्या कथेचे पहिले पान, एवढे तीन फोटो दुकानदारांना विचारून घ्यावेत. त्याहून अधिक पाने दुकानात उभे राहून टिपणे योग्य नाही.

देवगड_वाचक

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून येथेच विचारतो. कारवारहून एका नातेवाइकांनी कन्नड पुस्तकाचा फोटो पाठवला आहे. शीर्षकाखाली ललित प्रबंध असे लिहिले आहे, असे ते सांगतात. मला आंब्याच्या बागायतीवरचे संशोधन हवे आहे आणि प्रबंध म्हटल्यावर ते विद्यापीठातील संशोधन असावे असे वाटले. ते मागवावे का?

मांडवीतीर

कन्नडमध्ये प्रबंध म्हणजे निबंध, आणि ललित प्रबंध म्हणजे आपला ललित निबंध. विद्यापीठाच्या संशोधनाला तेथे महाप्रबंध म्हणतात. बागायतीची माहिती हवी असेल तर हे पुस्तक आपल्या उपयोगाचे नसावे. मलपृष्ठाचा फोटो आणि कन्नड वाचणारी व्यक्ती मिळाल्यास वेगळा धागा काढावा, म्हणजे येथील चर्चा विखुरणार नाही.

धोबीतलाव

तारवटी आणि मुंबईचा संबंध वाचून लिहावेसे वाटले. आमच्या वाडीच्या मागे गोव्यातील एका गावाची कूड होती. बोटीची नोकरी मिळेपर्यंत किंवा दोन फेऱ्यांच्या मध्ये त्या गावचे लोक तेथे अल्प भाड्यात राहत, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी असे. अशा कुडी धोबीतलाव, माझगाव या भागांत पुष्कळ होत्या. या पुस्तकात ते जीवन असेल तर मला ते अवश्य हवे आहे. योगायोगाने, ताईंनी सांगितल्याप्रमाणे होडी आणि किनाऱ्याचे मुखपृष्ठ असलेली एक जुनी प्रत माझ्याकडे एका शेजाऱ्यांनी ठेवायला दिली आहे. मला रोमी वाचता येत नसल्याने ती तशीच पडून आहे. वेळागरच्या ताईंना ती वाचायला पाठवता येईल, म्हणजे पैसे खर्च करण्याचा प्रश्नच राहणार नाही.

वेळागरची_सून

धोबीतलाव, आपले मनापासून आभार.

भाचा आज पुन्हा दुकानात जाऊन आला. दुसऱ्या प्रतीवर लेबल खाली होते, त्यामुळे लपलेली ओळ मिळाली. मांडवीतीर काकांनी दिलेल्या खुणांप्रमाणे मी स्वतः ती देवनागरीत उतरवली आहे, कृपया तपासावी: ‘निमाण्यो तीन कथा रांपणकारांच्या वाड्यार घडटात.’ अनुक्रमणिका, माहितीचे पान आणि पहिल्या कथेचे पहिले पानही जोडले आहे.

मांडवीतीर

ओळ अचूक उतरवली आहे. ‘शेवटच्या तीन कथा रापणकारांच्या वाड्यावर घडतात.’ दाभोळखाडी यांचा तर्क या बाबतीत बरोबर निघाला, हे आनंदाने नोंदवतो.

आता अनुक्रमणिका पाहू. पुस्तक 196 पानांचे आहे आणि बारावी कथा 141 व्या पानावर सुरू होते. म्हणजे रापणकारांच्या वाड्यावरच्या तीन कथांना 56 पाने मिळाली आहेत, पुस्तकाचा साधारण पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिक. या तीन कथा इतरांपेक्षा लांब आहेत, हेही त्यावरून दिसते, कारण आधीच्या अकरा कथा सरासरी बारा-तेरा पानांच्या आहेत.

नवव्या कथेचे शीर्षक कांतार असे आहे. मराठी वाचकाला तेथे अरण्य आठवेल, पण कोंकणीत कांतार म्हणजे गाणे. तेव्हा वनवासाची कथा असेल असे धरून चालू नका.

माहितीच्या पानावर दुसरी आवृत्ती असे लिहिले आहे आणि त्याखाली तीन नव्या कथा घातल्याचा उल्लेख आहे. म्हणून धोबीतलाव यांना माझी विनंती आहे, की त्यांनी आपल्या प्रतीची अनुक्रमणिका पाहावी. लिपी येत नसली तरी शीर्षके मोजता येतील आणि पानांचे आकडे तर आपल्या ओळखीचेच आहेत.

धोबीतलाव

मोजले. अकरा शीर्षके आहेत आणि शेवटचे पान 143 आहे.

मांडवीतीर

मग ती पहिली आवृत्ती असावी. नव्या तीन कथा म्हणजेच शेवटच्या तीन कथा, असे माहितीच्या पानावर स्पष्ट लिहिलेले नाही, पण चौदातून तीन वजा केल्यावर उरणारा अकराचा आकडा आणि पानांची बेरीज यांवरून तसे मानायला जागा आहे. खात्री करायची असेल तर शीर्षके जुळवून पाहावी लागतील. धोबीतलाव, आपण अनुक्रमणिकेचा फोटो येथे लावलात तर मी ती ताईंच्या फोटोशी ताडून पाहतो. तसे असल्यास ताईंना जुन्या प्रतीतून हवे ते मिळणार नाही, आणि तुम्हाला मात्र हवे असलेले जवळजवळ सारे तुमच्या घरीच आहे.

धोबीतलाव

फोटो लावला आहे.

मांडवीतीर

ताडून पाहिले. तुमची अकरा शीर्षके त्याच क्रमाने नव्या आवृत्तीच्या पहिल्या अकरा जागांवर आहेत. शेवटच्या तीन कथा नव्या आहेत.

दाभोळखाडी

तरीही एक शंका राहते. ताईंना रापणीच्या कामाची खरी माहिती नोंदवायची आहे. कथेत लेखक आपल्या सोयीने बदल करतो. मासळीचे वाटे कसे पडत, होडीच्या मालकाला किती आणि दोर ओढणाऱ्याला किती, हे कथेवरून कसे मानायचे? त्यापेक्षा मालवण-वेंगुर्ल्याच्या रापण संघांतील वृद्धांना विचारणे मला अधिक भरवशाचे वाटते.

मांडवीतीर

वाट्यांच्या हिशोबाबाबत मी सहमत आहे, कथेतील आकडा पुरावा म्हणून घेऊ नये. पण रापण ओढताना एकमेकांना काय हाका मारत, जाळ्याच्या कोणत्या भागाला काय म्हणत, तारली आणि बांगडा वेगळे करताना बायका काय बोलत, ही भाषा त्या घरात जन्मलेल्या माणसाच्या कथेत सापडण्याची शक्यता मोठी आहे. ती वृद्धांना विचारूनही मिळते, पण विचारायला शब्द आधी आपल्या हाती असावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा 1980 चा आहे आणि महाराष्ट्राचा 1981 चा, म्हणजे दोन्हीकडचा संघर्ष एकाच काळातला असला तरी तो एकच नाही. तेथील कथेतील प्रसंग शिरोड्याला तसाच घडला, असे लिहून जाऊ नये.

दाभोळखाडी

कथेसाठी तीनशे रुपये मी दिले नसते. हे माझे मत आहे, ताईंनी आपले ठरवावे.

वेळागरची_सून

पहिल्या कथेचे पहिले पान काल रात्री मोठ्याने वाचून पाहिले. पहिल्या परिच्छेदाला फार वेळ लागला, कारण ओ दिसला की तोंडातून ओ असाच उच्चार बाहेर पडत होता. दुसऱ्या परिच्छेदापासून सासूबाई शेजारी बसून ऐकू लागल्या आणि मला अडलेले तीन शब्द त्यांनी केवळ ऐकून सांगितले. दोन शब्द त्यांनाही लागले नाहीत. ते पोर्तुगीजमधून आलेले असावेत. त्यांचा फोटो लावत आहे.

पुस्तक वाचता येईल असे वाटते, निदान सासूबाईंना ऐकवता येईल. भाच्याला प्रत घ्यायला सांगितले आहे. बाराव्या कथेपासूनच आरंभ करणार आहे. त्यात कामाचे जे शब्द मिळतील, ते पानाच्या क्रमांकासह येथे देईन, म्हणजे आपल्याकडे त्यांना काय म्हणतात ते वेंगुर्ला, मालवण आणि देवगडच्या मंडळींना सांगता येईल.

मांडवीतीर

फोटोतील पहिला शब्द कझार, म्हणजे लग्न. तो पोर्तुगीजमधूनच आला आहे. दुसऱ्या शब्दाचे शेवटचे अक्षर घडीत गेले आहे, त्यामुळे आत्ता सांगता येत नाही. पुस्तक हाती आल्यावर ते पान उघडून पुन्हा लिहावे.